आवक नंबर पडलेलं पत्र

त्या दुष्काळात मी अण्णांवर चिडलेली होते आणि त्याहून जास्त देवावर. अण्णा म्हणजे माझे वडील, केज तालुक्यात युसूफ वडगाव या गावाजवळ आमचं गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीचे चेअरमन. महिला सभासद कमी पडतात म्हणून त्यांनीच माझ्या नावे शेअर घेतला, आणि चारा छावणीच्या विषयावर भर सभेत मी त्यांच्याच विरोधात हात वर केला. तेव्हापासून बोलणं बंद. मी बीडला राहायला आले. फोन केला की ते कट करायचे. आई गेल्यापासून घरात एकटेच, आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याची खबर मला परक्यांकडून कळायची, याचा संताप यायचा.

पत्र लिहायला बसले की चार पानं व्हायची, सगळी भांडणाची. एका सोमवारी वैतागून महादेवाला गेले. मोठा अभिषेक करायचा होता. पुजारी म्हणाले, "ताई, टँकर आलाच न्हाई. एका माणसाला एकच तांब्या." देवाच्या दारातही रेशन! रांगेत चरफडत होते, तशी पुढची अनोळखी म्हातारी वळून म्हणाली, "कावून लई चिडतीस, बाई? त्याला समदं ठाव हाय. येवढं पाणी घाल अन् गप घरी जा."

तिच्यावरही चिडतच घरी आले, चार पानं फाडली आणि लिहिलं:

"अण्णा, मला तुमच्याशी पुन्हा बोलायचंय. छावणीचा विषय मी काढणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला बीडच्या बसस्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये थांबते. तासभर बसू. जमलं नाही तर तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा कळवा, घाई नाही. तुमची मुलगी."

कोण चुकलं ते नाही, माफी मागणं नाही, त्यांना मागायला लावणंही नाही. गावात चार डोळे बघणार, माझ्या घरी त्यांना कमीपणा वाटणार, म्हणून स्टँड. मन उडालं तर पुढच्या गाडीनं परत जाता येतं.

ते दिवसभर सोसायटीतच असतात, म्हणून पत्ता तिथला घातला. झालं! सेक्रेटरीनं सोसायटीचं टपाल समजून पाकीट फोडलं, आलेल्या पत्रांच्या वहीत नोंदवून आवक नंबर टाकला आणि संचालकांच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. चुलतभावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. मग वाटलं, ती चार पानं गेली असती तर? या पत्रात अण्णांना खाली बघायला लावणारं एक अक्षर नव्हतं.

रविवारी केजची गाडी आली, अण्णा उतरले. वाळले होते. समोर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवक नंबर पडलाय. उत्तर द्यावंच लागतंय." आणि मग, "च्या सांग की." मला रडू आवरेना.

सेक्रेटरीला ते पाकीट फोडायची बुद्धी कुणी दिली, याचा वाद मी घालत नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, बाकी महादेवावर सोडलं. आम्ही दोघं अजूनही चिडतो. पण समोरासमोर बसून चिडतो, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते.