क वर्गातली काच

पुण्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी परत आलो तेव्हा माझ्या बॅगेत एक जाड वही होती आणि डोक्यात बरीच हवा. आमच्या वस्तीतला खुर्चीवर बसणारा मी पहिलाच. सहकारी साखर कारखान्याचा स्टोअरकीपर म्हणजे फार मोठा माणूस नव्हे, पण माझ्या आईला मी कलेक्टरच वाटायचो. मलाही अधूनमधून तसं वाटायचं, हे कबूल केलेलं बरं.

ऐंशीच्या दशकातली ती दुष्काळी वर्षं होती. ऊस कमी, पाणी त्याहून कमी, आणि स्टोअरमध्ये मात्र तीन हजार जिनसा. सगळ्यांवर सारखीच नजर ठेवायला गेलं की कशावरच राहत नाही, हे प्रशिक्षणात पटलं होतं. मग मी प्रत्येक जिनसेचा वर्षाचा खप काढला, त्याला दराने गुणलं आणि मोठ्या आकड्यापासून लहानाकडे उतरती यादी लावली. वरच्या थोड्याच जिनसांत बहुतेक पैसा अडकलेला निघाला. बारदाना, गंधक, पितळी ट्यूब, मोठी बेअरिंगं. हा अ वर्ग. तो कुलपात, दर आठवड्याला मोजणी, इंजिनिअरच्या सहीशिवाय एक नग बाहेर नाही. मधला ब वर्ग महिन्याला बघायचा. आणि खाली लांबलचक क वर्ग: नट, वॉशर, घासकागद, सुतळी. जिनसा शेकड्यांनी, किंमत किरकोळ. त्यांची वर्षातून एकदाच मागणी करायची, मोजणीही एकदाच, आणि माल उघड्या रॅकवर. ज्याला लागेल त्यानं न्यावं, चिठ्ठी नको.

त्या क वर्गात एक ओळ होती, ती मला आजही पाठ आहे. बॉयलरच्या पाणीपातळीची काच. हातभर लांबीची नळी, स्वस्त, मागच्या वर्षी फार लागलीच नव्हती.

कार्यकारी संचालकांनी यादीवर सही केली, पाठ थोपटली. सगळे खूश होते, एक माणूस सोडून. बॉयलरवरचे मिस्त्री, पन्नाशी उलटलेले, ज्यांना सारा कारखाना मामा म्हणायचा, ते रॅकपाशी येऊन बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, बाकी कायबी उघडं ठिवा. काच तेवढी कुलपात ठिवा, मोजून."

मी वही उघडून त्यांना खप आणि दर दाखवला. एवढ्याशा काचेसाठी कुलूप लावलं तर पितळी ट्यूबकडे कोण बघणार, असं विचारलं. मी हसत विचारलं, हे जास्त वाईट.

"किमतीचं न्हाय म्हणत म्या," ते म्हणाले. "आत पाणी किती हाय ते त्या काचंतच दिसतं. दुसरं कशातच न्हाय."

मी मान डोलावली आणि काच रॅकवरच ठेवली.

गाळप सुरू झालं. तलाव आटला होता, म्हणून बॉयलरला खोल विहिरीचं पाणी घेतलं. ते पाणी तोंडात धरवत नव्हतं, इतकं खारट. कितीही साफ करून सोडलं तरी काचा आतून झिजू लागल्या, पांढऱ्या पडू लागल्या. मागच्या वर्षी हंगामभर टिकलेली काच आता दोन-तीन आठवड्यांत बदलावी लागे. फिटर यायचे, रॅकवरून घेऊन जायचे. बदलताना एखादी फुटली तर दुसरी न्यायचे. चिठ्ठी नव्हतीच, त्यामुळे मला काही कळलं नाही. मी तेव्हा बारदान्याची आठवड्याची मोजणी करत होतो आणि एकही पोतं कमी भरत नाही म्हणून फुशारत होतो.

संक्रांतीनंतर एका दुपारी मामा पुन्हा आले. त्यांनी मला हाताने खूण करून रॅककडे नेलं. काचांच्या पेटीत नुसतं गवत होतं. मी ते उगीचच खालीवर केलं.

बॉयलरला दोन काचा असाव्या लागतात. त्यातली डावी सकाळी फुटली होती. कोणाला लागलं नव्हतं, पण आता उजव्या एकटीवर काम चाललं होतं आणि तीही झिजलेली. समोर बसवायची जाड संरक्षक काच पांढरी पडून पलीकडचं दिसेना, म्हणून ती काढून ठेवलेली. तिचा नवा नगही क वर्गातच, पुढच्या वर्षीच्या मागणीत.

नियमाने बॉयलर थंड करायला हवा होता. मी चीफ इंजिनिअरांकडे गेलो. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, ऊस उन्हात वाळत होता, बैल उपाशी. सोलापूरहून माणूस काच घेऊन उद्या येईल, तोवर काहीतरी करा, असं ते म्हणाले.

काहीतरी मीच केलं. भंगारात गेलेल्या जुन्या बॉयलरची एक लांब काच स्टोअरच्या कोपऱ्यात होती. ती मी स्वतः पुसून फिटरच्या हातात दिली आणि म्हणालो, मापाला कापून बसवा. त्याने कानशीने कापली. मामांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोटावर रक्ताची बारीक रेघ होती.

"कड खरबरीत राहिली. हितनंच तडकंल ही."

मी म्हणालो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ते काच घेऊन गेले. मला आजही त्यांच्या पाठीची आठवण येते, वाकलेली नव्हती, घाईतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी बारदान्याच्या गोदामात होतो. आवाज फार मोठा नव्हता. वाफेची शीळ मात्र बराच वेळ चालली, आणि मग थांबली. ती थांबली कारण फुटलेल्या काचेच्या वरचा-खालचा कॉक मामांनी आंधळ्यासारखं चाचपडत बंद केला होता. पातळी बघायला ते तोंड जवळ नेऊन उभे होते. सोलापूरचा माणूस तासाभराने आला. त्याच्या पिशवीत बारा काचा होत्या.

मामांचा डावा डोळा गेला. चौकशी झाली, कागद फिरले, माझी यादी बरोबर आहे असा शेरा पडला. खरंच बरोबर होती. किंमत काय ते तिनं अचूक सांगितलं होतं, आणि मी तिला फक्त तेवढंच विचारलं होतं. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या बारा काचा मी पितळी ट्यूबच्या कपाटात ठेवल्या, कार्डावर लाल शाईने रेघ मारली आणि रोज मोजू लागलो.

मामांना फाटकावर बसवलं. बसल्यावर थोड्याच दिवसांत ते इंजिनिअरच्या सहीची चिठ्ठी घेऊन आले आणि एक काच घेऊन गेले. फाटकावर काच कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सात वर्षांनी ते निवृत्त झाले. सामान बाकी नसल्याच्या दाखल्यावर प्रत्येक खात्याची सही लागते, शेवटची माझी. त्यांनी पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली काच काढली आणि टेबलावर ठेवली. सात वर्षं ती फाटकावरच्या खोलीत होती, तिच्यावर धूळही नव्हती.

"तुमी इसरलात तर असावी म्हणून ठिवली व्हती," ते म्हणाले. "आता जमा करून घ्या."

मी कार्ड काढलं. जमेच्या रकान्यात एक लिहिलं. शिल्लक पुन्हा मोजायला कपाटापाशी गेलो, आणि पाठ फिरवून तिथंच उभा राहिलो. ते माझी सही होईपर्यंत शांतपणे बसून होते.