रंगनाथकाकांचा फोन जपानी झाला तेव्हा

रविवारी सकाळी साडेदहाला माझा मोबाइल वाजला. पडद्यावर लँडलाइनचा नंबर होता. लँडलाइनवरून मला हल्ली दोघांचेच फोन येतात. एक सरकारी कचेरीचा आणि दुसरा नारायण पेठेतल्या रंगनाथकाका देवस्थळींचा. कचेरीला रविवारी सुट्टी असते.

"आमोद, चहा संपला असेल तर ऐक," काका म्हणाले. "माझा मोबाइल जपानी झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे जपानी. सगळी अक्षरं जपानी. मी सकाळी सात वाजल्यापासून त्याच्याकडे बघतोय आणि तो माझ्याकडे. ओळख नाही दोघांची."

काका आमच्या घरचे नातेवाईक नव्हेत. माझे वडील आणि ते रेल्वे टपाल सेवेत एकत्र होते, म्हणून ते काका. आज त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐन उमेदीची पस्तीस वर्षं त्यांनी धावत्या गाडीच्या टपाल डब्यात उभ्याने पत्रं लावण्यात घालवली. समोर भिंतभर लाकडी कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्र बघायचं आणि कप्प्यात टाकायचं. पत्ता तमिळमध्ये असो नाहीतर बंगालीत, काकांचा हात अडत नसे. "वाचायला कशाला लागतं? कुठला कप्पा ते कळलं की झालं," असं ते आजही सांगतात, आणि ऐकणाऱ्याला आपण उगाच शाळेत गेलो असं वाटायला लागतं. हा माणूस कपाटातले डबे, फळीवरची औषधं, फार काय शेजारच्यांच्या चपलासुद्धा ओळीने लावतो. मोबाइलच्या पाठीवरही त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात स्वतःचा पत्ता चिकटवला आहे. पिनकोड ४११०३० ठळक.

"सुदर्शनला सांगितलंत?" मी विचारलं. सुदर्शन हा त्यांचा मुलगा. तो कर्वेनगरला राहतो आणि दर रविवारी बारा वाजता वडिलांकडे जेवायला येतो.

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज.

"त्याला सांगायचं नाही म्हणून तर तुला सांगतोय. त्याने मागच्याच महिन्यात बजावलंय. बाबा, आणखी एकदा फोन बिघडवलात तर बटणांचा साधा फोन आणून देईन. आणि तो बोलतो तसं करतो. आईवर गेलाय."

आता इथे माझाही चहा गार झाला. साधा फोन म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. काकांची नात, सुदर्शनची मुलगी वल्लरी, जपानमध्ये ओसाकाला असते. तिची मुलगी आनंदी, वय वर्षं तीन. रोज दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडे चार वाजता, ही पणती पणजोबांना व्हिडिओ कॉल करते आणि दिवसभरात काय खाल्लं ते दाखवते. कधी कधी तोंडात अजून शिल्लक असलेलंसुद्धा. काकांचा अख्खा दिवस त्या दहा मिनिटांभोवती लावलेला असतो. बटणांच्या फोनवर आनंदी दिसणार नव्हती.

"काका, मी येतो."

"कात्रजहून? रविवारी? तू स्वारगेटला पोचेपर्यंत सुदर्शन जेवून वामकुक्षी करेल. शिवाय फोनला हात मी कोणाला लावू देत नाही. तू सांग, मी करतो. दीपमाला आहे इथे, ती फोटो काढून पाठवेल."

दीपमाला म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. पन्नाशीच्या, हसऱ्या, आणि काकांना न घाबरणाऱ्या पुण्यातल्या एकमेव व्यक्ती. पद्धत ठरली. काका लँडलाइनवर बोलणार, वहिनी आपल्या मोबाइलने काकांच्या मोबाइलचा फोटो काढून मला पाठवणार आणि मी तो फोटो भाषांतराच्या ॲपमध्ये घालून वाचणार. ते ॲप फोटोतल्या परक्या अक्षरांवर मराठी शब्द चिकटवून देतं. कधी बरोबर, कधी विनोदी.

पहिला फोटो आला. त्यात ट्यूबलाइट होती, पंखा होता आणि काकांचं नाक होतं. अक्षर एकही नव्हतं.

"वहिनी, फोन खिडकीपासून लांब घ्या. थोडा तिरका धरा म्हणजे चमक जाईल."

"मी केव्हाची सांगतेय," मागून वहिनींचा आवाज आला. "पण काका वाकून बघतात. काका, मान मागे! फोटो फोनचा काढायचाय, तुमचा नाही."

"काढलास तरी चालेल. वाईट नाही येत माझा."

दुसरा फोटो स्वच्छ आला. चित्रं तीच होती, फक्त खालची नावं जपानी. चित्रांना भाषा नसते हे किती बरं आहे!

"काका, दातेरी चाकाचं चित्र दिसतंय? सायकलच्या मागच्या चाकात असतं तसं?"

"दुसरी ओळ, तिसरा कप्पा."

"दाबा."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आता मला पत्ता वाचून दाखवायची गरजच नाही. काकांना कप्पे सांगितले की पुरे. चाक दाबल्यावर लांबलचक यादी उघडली. वहिनींनी वरपासून खालपर्यंत तीन फोटो पाठवले, आणि काकांच्या आज्ञेवरून प्रत्येकाखाली नंबर टाकला. तिसऱ्या फोटोत, पार तळाशी, ॲपने एका ओळीवर 'प्रणाली' असा शब्द चिकटवला. भाषा बदलायची सोय त्याच ओळीत असते.

"यादी शेवटपर्यंत वर सरकवा. खालून मोजा. गोलात उभी काठी आणि वर टिंब, इंग्रजी आयसारखं, अशी खूण आहे ती ओळ."

"खालून तिसरी."

"दाबा. आणि काही करू नका, फोटो पाठवा."

फोटो यायच्या आतच काका म्हणाले, "इथे खाली एक छान गोल बाण आहे. फिरून परत येणारा. परत जायचं असेल तर हाच, नाही का?"

"काका, बोट मागे!" मी इतक्या जोरात ओरडलो की आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मध्येच थांबली. फोटो आला तेव्हा त्या बाणाच्या ओळीवर मराठीत 'रीसेट पर्याय' असं उमटलं. त्या दारातून पुढे दोन-तीनदा चुकीचं हो म्हटलं असतं, तर फोन कोरा झाला असता. वल्लरीचे, आनंदीचे सगळे फोटो जमा केंद्रीय विस्मृती खात्यात.

"बोट मागे आहे," काका शांतपणे म्हणाले. "डब्यात पस्तीस वर्षं उभा होतो. ठेवू की टाकू अशी शंका आली की पत्र हातात ठेवायचं. मी विचारलं, दाबलं नाही."

"शाबास! आता सगळ्यात वर पृथ्वीचा गोल आहे, उभ्याआडव्या रेघांचा. ती ओळ."

काकांनी दाबलं. आत आणखी एक ओळ होती, ती दाबली. आणि मग लँडलाइनवर असा आवाज आला, जसा गर्दीत हरवलेलं माणूस दिसल्यावर येतो.

"आमोद! मराठी आहे इथे! 'मराठी' लिहिलंय. मराठीतच!"

भाषांच्या यादीत प्रत्येक भाषा आपलं नाव आपल्याच लिपीत लिहिते. फोन कुठल्याही भाषेत गेलेला असो, तिथवर पोचलेल्या माणसाला आपली भाषा डोळ्यांनी ओळखता येते. वहिनींनी पाठवलेल्या फोटोत दोनच ओळी होत्या. एक नंबरला जपानी, दोन नंबरला मराठी.

"काका," मी विचारलं, "ही जपानी इथे वर आली कशी?"

पुन्हा घसा साफ झाला. मग हकिकत बाहेर आली. वल्लरीची घरमालकीण नव्वदीची आहे आणि रोज काकांना फुलांचा फोटो पाठवते. तिला जपानीत एक ओळ लिहावी म्हणून काकांनी वल्लरीकडून सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या आणि काल रात्री जेवणाआधी यादीत जपानी घातली. इथवर ठीक. पण जपानी आली ती दोन नंबरला.

"आता तूच सांग," काका म्हणाले, "पाहुणा घरी आला आणि त्याला आपल्या मागे बसवायचं? बरं दिसतं का? उजवीकडे दोन रेघा होत्या, त्या धरून मी त्याला वर घेतलं. फोनने विचारलंदेखील, बदलायची का म्हणून. म्हटलं हो, बदल, आणि फोन ठेवून जेवायला बसलो. घरचा कोण, मी! पाट माझा, तो मी दिला."

मी खुर्चीवरून घसरायचा राहिलो. जगात आजवर कितीजणांचे फोन बिघडले असतील, पण आदरातिथ्याने बिघडलेला हा बहुधा पहिलाच!

"अहो काका, त्या यादीत मान नसतो. एक नंबरला जी भाषा, ती फोन बोलतो. बाकीच्या तयार राहतात."

"म्हणजे एक नंबरचा यजमान?"

"हो!"

"मग हे त्यांनी लिहायला नको? आता यजमानाला परत जागेवर आणतो. कसं?"

"मराठीच्या ओळीत उजवीकडे त्याच दोन रेघा आहेत. त्यांवर बोट ठेवा, दाबून धरा आणि न उचलता वर ओढा."

पहिल्या खेपेला बोट घसरलं. दुसऱ्या खेपेला यादीच हलली. "मी ओढू का?" वहिनींनी विचारलं. "तू फोटो काढ," उत्तर आलं. तिसऱ्या खेपेला मराठी वर गेली आणि मध्ये एक चौकट उघडली. जपानीत काहीतरी प्रश्न, खाली दोन बटणं. काकांनी बोट मागे घेतलं, वहिनींनी फोटो पाठवला, ॲपने उजव्या बटणावर 'बदला' असं चिकटवलं.

"उजवीकडचं, काका."

एक सेकंद. दोन सेकंद.

"आला!" वहिनी ओरडल्या. "आला, आला, मराठीत आला!"

काकांनी रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, पण टेबलावरच. ठेवायच्या जागी ठेवायला ते विसरले. आयुष्यात प्रथमच काकांच्या हातून काही चुकीच्या कप्प्यात पडलं, आणि त्यामुळे पुढचं सगळं मला कात्रजमध्ये बसून ऐकू आलं. अशा वेळी फोन ठेवणारी माणसं सज्जन असतील. मी नाही ठेवला.

दाराची घंटा. आज उशिरा आलेल्या सुदर्शनचा आवाज. पिशवीची सळसळ.

"बाबा, हे बघा, येताना घेऊनच आलो. साधा, मजबूत, मोठी बटणं. त्या दुसऱ्याची कटकटच नको."

"सुदर्शन, बस. तुला एक सांगायचंय. काल मी माझा फोन जपानी केला होता."

"जपानी?"

"आणि आज परत मराठी केला. दोन्ही मीच केलं. आमोद सांगत होता, दीपमाला फोटो काढत होती, पण बोट माझं होतं. तुझा फोन उद्या जपानी झाला तर काय करशील?"

पिशवी पुन्हा सळसळली.

"दुकानात नेईन," सुदर्शन म्हणाला.

"ते तुला दोन दिवसांनी ये म्हणतील. त्यापेक्षा माझ्याकडे ये. रविवारी असतो मी."

वहिनी खो खो हसल्या. सुदर्शन काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला. साडेबारा. खुर्ची सरकली आणि मग एक चिरका, आनंदी, ओसाकाचा आवाज खोलीभर पसरला.

"पंजोबा! आज मी भात खाल्ला! आ करू?"

"कर कर," काका म्हणाले. "सुदर्शन, इकडे ये, तुझी नात तोंड उघडतेय. ती पिशवी ठेव आधी, पडद्यावर सावली येते."