कंसातली दुरुस्ती

माझी वहिनी रक्त काढते. अनोळखी माणसाला एवढंच सांगितलं की तो दोन पावलं मागे सरतो, म्हणून पूर्ण सांगते: ती प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. एकोणीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नमुने घेतले, तपासले आणि त्यांच्या नोंदी केल्या. त्या नोंदींचा तिथे एक कडक नियम होता. आकडा चुकला तर खोडायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही, वर गिरवायचं तर नाहीच. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर ते लिहायचं, आद्याक्षरं टाकायची, तारीख टाकायची. नव्या मुली तिला मागून ‘एकरेघी बाई’ म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

घरातही तिचं तेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसवाल्याची तारीख चुकली तरी रेघ, आद्याक्षरं, तारीख. दादा म्हणायचा, “लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव चुकलं असतं तर हिने मलाच आडवी रेघ मारली असती.”

मग अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वहिनीने नोकरी सोडली. तीन वर्षं तिने त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, दर दोन तासांनी कुशीवर वळवलं. अप्पांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी, त्यांची सख्खी मुलगी, दर रविवारी फळं घेऊन यायचे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

अप्पा गेले. आता वहिनी कामावर परत जाईल असं सगळ्यांनी धरून ठेवलं, पण ती गेली नाही. महिन्यामागून महिने कपाटं आवरत बसली. आणि अचानक एका मंगळवारी दुपारी साडेतीनला तिचा फोन आला. “लॅपटॉप घेऊन ये. एका इस्पितळात जागा निघालीय. सकाळपाळीची, घरापासून चालत. आज पाच वाजता अर्ज बंद होतोय.”

“आणि हे तू साडेतीनला सांगतेस?”

“सकाळपासून ठरवतच होते गं.”

मी धावत सुटले. चार वाजता आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. माझं काम जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचं. साध्या साबणाला मी असं नटवते की साबणानेही लाजावं. त्यामुळे अर्जाबिर्जात आपला हात कोण धरणार, अशा तोऱ्यात मी बाह्या सरसावल्या.

शिक्षण भरलं, नोंदणी क्रमांक भरला. जुन्या नोकरीचे महिने आणि वर्षं यादीतून निवडली. पुढच्या पानावर टिचकी मारली आणि लाल अक्षरं उमटली: ‘नोकरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड आढळला. खंडाचे कारण लिहा.’ खाली एक चौकोन. मर्यादा दोनशे अक्षरं. रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकणारच नाही.

“लिही, घरगुती कारण,” मी म्हटलं. “सरळ पुढे जाऊ.”

“कोणतं घरगुती कारण? नळ गळत होता?”

“बरं, मग कौटुंबिक जबाबदारी. आणि हे शेवटचे अकरा महिने आहेत ना, अप्पांच्या नंतरचे, ते त्यातच मुरवून टाक. कोण मोजतंय?”

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नमुन्याच्या नळीत पाणी मिसळायला सांगितलं होतं. “मी मोजतेय,” म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

खरं सांगायचं तर मला त्या अकरा महिन्यांची काळजी नव्हती. माझ्या मनात वेगळंच खुपत होतं. तिने ‘सासऱ्यांची सेवा केली’ असं लिहिलं की वाचणारा विचारणार, म्हातारबुवांना मुलगी नव्हती का? ‘घरगुती कारण’ तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

वहिनी दोन बोटांनी टाइप करते. पहिला शब्द उमटला: ‘वडिलांना’.

ती थांबली. शब्दाकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिले. घड्याळात चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

“चुकलं,” ती पुटपुटली. “सासऱ्यांना हवं.”

“मग खोड की!”

तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. आणि मग या बाईने काय करावं? कंस उघडला. त्यात लिहिलं, ‘दुरुस्ती: सासऱ्यांना’. पुढे आद्याक्षरं. पुढे तारीख. कंस बंद.

माझा पारा चढला. “वहिनी, हा कॉम्प्युटर आहे! इथे खोडलेलं कुणाला दिसत नाही!”

“तेच तर वाईट आहे,” ती म्हणाली आणि पुढे लिहू लागली. “इथे रेघ मारायची सोय नाही, मग कंस. वन्सं, जरा गप्प बसा.” मला ‘वन्सं’ म्हणाली की समजावं, आता काही ऐकणार नाही.

चार बेचाळीसला मजकूर तयार झाला. आद्याक्षरं आणि तारीख सोडून तो असा होता:

‘वडिलांना (दुरुस्ती: सासऱ्यांना) पक्षाघात झाला म्हणून नोकरी सोडली. तीन वर्षं त्यांचं सगळं केलं. ते गेले. त्यानंतर अकरा महिने अर्ज केला नाही, कारण सुई धरायची भीती वाटत होती. आता वाटत नाही.’

मी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. भीतीचं मला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं अप्पांच्या लुळ्या हाताला जपण्याची सवय झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातात सुई टोचायची तिने धास्ती घेतली होती, आणि आम्ही समजत होतो की बाईंना कपाटं आवरायची हौस आहे.

पण चौकोन लाल झाला. मर्यादेपेक्षा दोन अक्षरं जास्त! आपल्या भाषेत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजतो तो मेला.

“कंस काढ,” मी हात जोडले. “चाळीसेक अक्षरं वाचतील. पाया पडते तुझ्या.”

“कंस राहणार.” तिने ओळीवरून बोट फिरवलं आणि एक शब्द उडवला. कोणता? ‘कारण’! खंडाचं कारण विचारणाऱ्या चौकोनातून बाईंनी ‘कारण’च काढून टाकलं. मी हसायला लागले, तीही हसायला लागली, आणि हसता हसता चार एकावन्नला तिने ‘सादर करा’ दाबलं. पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला. आता त्यात कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

पुढचे सहा दिवस माझा जीव टांगणीला. मला खात्री होती की तो कंस पाहून कुणीतरी म्हणेल, हिला साधं टाइप करता येत नाही, आणि अर्ज बाजूला पडेल. सोमवारी वहिनीचा फोन आला तेव्हा ती किंचाळलीच. “बोलावलंय! गुरुवारी साडेदहाला! मुलाखत आणि प्रात्यक्षिक!” मी ऑफिसात इतक्या जोरात “हो!” म्हटलं की शेजारच्याने विचारलं, मुलगा झाला का.

गुरुवारी मी सोबत गेले. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर चार जणी बसल्या होत्या, सगळ्या वहिनीपेक्षा तरुण. वहिनी शेवटची. दार अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि कान देऊन ऐकणं वाईट असतं हे मला माहीत आहे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा आवाज खर्जातला. कागद फडफडला. “हा तुमचा अर्ज. हे कंसातलं काय आहे?”

“दुरुस्ती आहे, मॅडम. शब्द चुकला होता.”

“मागे जाऊन पुसता आला असता.”

“आला असता,” वहिनी म्हणाली. “पण सवय नाही.”

मी बाकावर दाराच्या आणखी जवळ सरकले.

“नोंदीप्रमाणे कोण होते ते?”

“सासरे.”

“आणि पहिला शब्द?”

“तो हातातून आला.”

कागद टेबलावर ठेवला गेला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “म्हणूनच तर खोडायचं नसतं.” खुर्ची सरकली. “भीती वाटत नाही असंही लिहिलंय. बघू या. माझाच हात घ्या.”

मी उठून दाराच्या फटीला डोळा लावला. प्रमुखांनी बाही वर केली होती. वहिनीने हात धुतले, हातमोजे चढवले. मग समोर कोण बसलंय हे पक्कं ठाऊक असूनही तिने विचारलं, “तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.” प्रमुखांच्या ओठांचा कोपरा हलला. दंडावर पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली, जागा पुसली, आणि ती वाळेपर्यंत थांबली. सुईकडे निघालेला तिचा हात मध्येच थांबला. मला दिसलं. तिने तो मांडीवर टेकवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाली, “थोडं टोचेल हं.” अप्पांना कुशीवर वळवताना ती याच आवाजात बोलायची.

सुई गेली. नळीत लाल रेघ चढली. आधी पट्टा सोडला, मग सुई काढली, कापूस दाबला. नळीवर नाव, तारीख, वेळ, तिथेच, प्रमुखांच्या समोर लिहिलं.

“कळलंसुद्धा नाही,” प्रमुख म्हणाल्या. “पहिले तीन महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागेल. एवढा खंड पडला की सगळ्यांनाच तो नियम आहे. चालेल?”

“चालेल म्हणजे काय! नसता तर मीच मागितला असता.”

ती बाहेर आली आणि मी तिला गच्च मिठी मारली. बाकावरच्या मुली बघत राहिल्या. मी काय बडबडले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मध्येच माझ्या तोंडून निघालं, “मी फक्त फळं आणायचे गं.” ती म्हणाली, “आणि ती सोलायचीही मलाच,” आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

दोन दिवसांनी नेमणुकीची मेल आली. सोबत आणखी एक अर्ज, रुजू होण्याचा. पुन्हा तेच टेबल, तोच लॅपटॉप, तीच दोन बोटं. एका रकान्यात विचारलं होतं: ‘आपत्कालीन संपर्क’. दादा सारखा फिरतीवर असतो, म्हणून तिने माझं नाव टाकलं, माझा नंबर टाकला. शेजारी ‘नाते’. तिने टाइप केलं, ‘बहीण’.

मी कंसाची वाट पाहिली.

“वहिनी,” मी शेवटी म्हटलं, “इथे चुकलंय.”

“कुठे?” ती म्हणाली, आणि पुढच्या रकान्याला लागली.