परत आलेला डबा

सण तोंडावर आला की पंपांच्या त्या लहानशा कारखान्यात बाईंच्या टेबलाचं दुकान होई. बाई ऑफिस सांभाळत. पगारपत्रकापासून बंद पंख्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. कामगारांच्या भेटीसाठी साहेबांनी रक्कम ठरवून दिली आणि वर बजावलं, "यात एक पैसा वाढणार नाही."

बाईंना मात्र यंदा गेटवरच्या मामांना आणि झाडणाऱ्या दोघींनाही भेट द्यायची होती. ही माणसं एजन्सीची, म्हणून कायम वगळलेली. गेल्या सणाला सगळे खोके घेऊन निघाले, तेव्हा मामा प्रत्येकाला हसून फाटक उघडून देत होते. ते हसणं बाईंना वर्षभर सलत होतं.

दुकानदारानं टेबलावर भेटींच्या खोक्यांचे नमुने मांडले होते. मिठाई परवडत होती, पण सुट्टी आणि गावचा प्रवास धरला तर घरी पोचेपर्यंत वास मारणार. दुसरा खोका उपयोगी वस्तूंचा. त्यातलं घड्याळ पाहून बाई म्हणाल्या, "अशी तीन आहेत घरी. तिन्ही बंद." राहिला सुकामेवा. मखमल काय, सोनेरी फीत काय! बाईंनी आतला ट्रे उचलला, तर खाली नुसता पुठ्ठा. बडा घर पोकळ वासा.

"खरं सांगू ताई? निम्मे पैसे खोक्याचेच असतात," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"मग खोका राहू दे. मेवा सुटा द्या, घाऊक भावानं."

भांडेवाल्याकडून झाकणाचे स्टीलचे डबे एकगठ्ठा घेतले, भरायचं काम ऑफिसातच केलं. कर धरूनही आणखी तिघांपुरतं सहज उरलं.

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "एजन्सीची माणसं आपली कशी?"

"फाटक तर आपलंच आहे ना?"

साहेब हसले आणि सही केली.

मामांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "सही कुठे करू?" त्यांनी विचारलं. बाईंना वाटलं, थट्टाच करतायत. "घेऊन जा हो," म्हणत त्या पुढच्याकडे वळल्या.

सुट्टी संपली. मामा गावाहून आले ते थेट बाईंच्या टेबलाशी. घासूनपुसून लख्ख केलेला डबा त्यांनी पुढे ठेवला. आत भाजलेले शेंगदाणे होते.

"मेवा पोरांनी खाल्ला. डबा तेवढा जमा करून घ्या. रिकामा परत देऊ नये, म्हणाली ही."

बाईंना क्षणभर उमगेना. मग लख्खकन कळलं. शिट्टी, बॅटरी, रेनकोट. कारखान्यानं मामांना आजवर जे दिलं, ते सही घेऊन, परत करायच्या बोलीवर.

"अहो मामा, डबा तुमचाच आहे."

"म्हणजे... ठेवून घ्यायचा?"

बाईंना रडू आवरेना. त्यांनी शेंगदाणे ताटलीत काढून घेतले. मग आपल्या जेवणाच्या डब्यातला लाडू मामांच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावून दिलं.

"वहिनींना सांगा," त्या म्हणाल्या, "आम्हीही रिकामा देत नाही."