वीस मिनिटं नळाखाली

त्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करणाऱ्या सिस्टरला सगळे हळूबाई म्हणायचे. कारण सोपं होतं. जखमेवरची जुनी पट्टी काढताना ती पेशंटला म्हणायची, "हळूच काढते हं, हळूच." आणि खरंच इतकी हळू काढायची, की रडायला तयार होऊन आलेली मुलं रडायचंच विसरून जायची. डॉक्टरीणबाई वयाने तिच्यापेक्षा खूप लहान होत्या, पण दोघींचं चांगलं जमायचं. एकीने हात पुढे केला की दुसरीला कळायचं, कात्री हवी की कापूस.

चार महिन्यांपूर्वी हळूबाईचे यजमान गेले. जेवून उठले आणि भिंतीला धरून खालीच बसले. तिने त्यांना जमिनीवर आडवं केलं, शेजाऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं आणि गाडी येईपर्यंत छाती दाबत राहिली. कुठे चुकली नाही. नंतर मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की तुम्ही करायला हवं ते सगळं केलंत. माणूस मात्र राहिला नाही.

त्यानंतर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नणंद म्हणाली, दगडाचं काळीज आहे. हळूबाईला त्याचाही राग आला नाही. रजा संपली तशी ती कामावर आली. भाजी चिरायची, घास गिळायचा, पट्ट्या बांधायच्या. सगळं जसंच्या तसं चाललं होतं, फक्त कानांत पाणी गेल्यावर वाटतं तसं, जरा लांबून. मुलगा दुसऱ्या गावात नोकरीला होता. तो रोज संध्याकाळी फोन करायचा, "आई, कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी आहे. तू जेवलास का?" की फोन संपला.

व्हिडिओची कल्पना डॉक्टरीणबाईंची. एका आठवड्यात तिघेजण भाजलेल्या हाताला टूथपेस्ट फासून आले होते आणि एकाने तर कॉफीची पूड थापली होती. ते सगळं धुऊन काढताना पेशंटचा जीव नकोसा झाला.

"सिस्टर, बाहेर बसायच्या खोलीत टीव्ही आहे ना, त्यावर लावू. घरच्या घरी काय करायचं, एवढंच. तुम्ही सांगायचं."

"मी कशाला? तुम्ही शिकलेल्या."

"माझं बोलणं ऐकून माणसं घाबरतात. मी फार भरभर बोलते. तुमच्या आवाजात धावपळ नसते."

दुपारी पेशंट नसताना दोघींनी मिळून लिहून काढलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'घाबरून जाऊ नका.' हळूबाईने ते खोडलं.

"का?"

"घाबरू नका म्हटल्याने कोणी घाबरायचं थांबतं का? हाताला काम द्यावं. 'आधी गॅस बंद करा.' असं सुरू करू."

डॉक्टरीणबाईंना ते पटलं.

शूटिंगला लग्नांचे फोटो काढणारा फोटोग्राफर आला. गप्पिष्ट माणूस. त्याने ड्रेसिंगच्या खोलीत दिवे लावले आणि म्हणाला, "बाई, जरा हसा." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "राहू द्या, असंच छान आहे."

कापल्याचा भाग आधी झाला. हळूबाई कॅमेऱ्याकडे बघून सांगत होती, "आधी स्वतःचे हात धुवा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा. हात वर धरा. दहा मिनिटं दाबून ठेवा, मध्येमध्ये उचलून बघू नका. कापड भिजलं तर ते तसंच ठेवून वर दुसरं ठेवा. रक्त थांबलं की नळाखाली धुवा, कोरडं करून पट्टी लावा. काही रुतलेलं असेल तर ओढून काढू नका. जखम खोल असेल, किंवा दहा मिनिटांनीही रक्त थांबत नसेल, तर दाबूनच दवाखान्यात या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा."

एका दमात झालं. फोटोग्राफर खूश.

मग भाजल्याचा भाग. सिंकजवळ उभं राहून हात नळाखाली धरून दाखवायचा होता. तिने डावी बाही वर सारली आणि फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून डोळा काढला.

"हे मेकअपचं आहे का?"

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. मनगटाच्या वर बोटभर लांब लालभडक पट्टा होता आणि त्यावर टपोरा फोड.

"सिस्टर, हे कधी?"

"सकाळी. कुकरला लागला असेल."

"असेल म्हणजे?"

हळूबाईने हाताकडे पाहिलं. कुकर उतरवला होता, डबा भरला होता, बाही खाली केली होती. मधलं काही आठवत नव्हतं.

"पाणी घातलंत?"

"नाही."

फोटोग्राफर हसत म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो दिव्याशी काहीतरी करू लागला.

"किती वेळ झाला?"

"दोन तास झाले असतील."

"मग अजून उपयोग आहे. तीन तासांच्या आत कधीही चालतं, हे तुम्हीच मला लिहायला लावलंत. या." त्यांनी नळ सोडला. "अंगठी काढा, बोटं सुजतील."

अंगठी घट्ट बसली होती. साबण लावून डॉक्टरीणबाईंनीच ती काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. हळूबाईने हात पाण्याखाली धरला.

"शूट करू का?" फोटोग्राफरने हळूच विचारलं.

हळूबाईच म्हणाली, "करा. नाहीतरी खोटं दाखवणारच होतो."

आणि ती सांगू लागली, त्याच आवाजात. "आधी गॅस बंद करा. अंगठी, घड्याळ काढा. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, तेल, लोणी काही नको. पूर्ण वीस मिनिटं. लगेच जमलं नाही, तर तीन तासांच्या आत कधीही. फोड फोडू नका. नंतर स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात त्या पातळ, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी सैलसर ठेवा, गुंडाळून आवळू नका. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर, हाताच्या पंजावर, पावलावर किंवा सांध्यावर असेल, लहान मूल असेल, किंवा विजेने, ॲसिडने भाजलं असेल, तर घरी थांबू नका."

बोलणं संपलं. मिनिटं उरली होती.

फोटोग्राफर चहा प्यायला गेला. डॉक्टरीणबाई शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर दोन पेशंट होते, त्यांना त्यांनी थांबायला सांगितलं. वीस मिनिटं पेशंटना सांगणं सोपं असतं. स्वतः उभं राहिल्यावर ती फार लांब असतात. हात हलवायचा नाही, दुसरं काही करायचं नाही.

पाणी पडत राहिलं. मधेच हळूबाईला कळलं, हात दुखतोय. सकाळपासून दुखतच असणार.

"दुखतंय," ती म्हणाली.

"दुखणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रडू तेव्हाही आलं नाही. ती नळाच्या तोटीकडे बघत राहिली. वेळ झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात टिपून घेतला, फोडाला धक्का न लावता पट्टी ठेवली. हळूच ठेवली. हळूबाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात दुसऱ्या कोणाच्या हातात असा दिलेला होता, आणि तो कुठे ठेवावा हे तिला समजत नव्हतं. मग तिने तो तसाच राहू दिला.

व्हिडिओ टीव्हीवर लागला. लोक तो बघायचे, काही बघायचे नाहीत. टूथपेस्टवाले अजून येतात, पण कमी.

शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, कशी आहेस?"

"हात भाजलाय," ती म्हणाली. "दुखतोय."



"येऊ का मी?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गॅलरीत कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं.

"ये," ती म्हणाली.

तो सुट्टी काढून आला, दोन दिवस राहिला. स्वयंपाक त्याने केला, बेताचाच. वडिलांबद्दल दोघं काही बोलले नाहीत. निघताना त्याने कुकर मागच्या शेगडीवर सरकवून ठेवला.