मडक्यातला एक शेर तांदूळ

सासरी दिंद्रुडला लिहिता येणारी बाई मी एकटीच होते. निजामाच्या अमलातल्या शाळेत मुलींना कोण विचारतो. बापानं घरीच पाटीवर शिकवलं. त्याचा मला लई ताठा होता, हे आधीच कबूल करते.

बाजार आठवड्यातून एकदा. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई पुढच्या आठ दिवसांत काय काय रांधायचं ते सांगत आणि मी यादी करी. आधी एकेका पदार्थाला काय लागतं ते काढायचं, मग एकत्र करायचं. गूळ पुरणाला एक शेर, खिरीला एक पाव. यादीत एकदाच, सव्वा शेर. मग बाजाराच्या ओळींप्रमाणे मांडायचं: डाळ-गूळ किराण्याच्या ओळीला, सुंठ-वेलदोडा अत्ताराकडे, तेल तेल्याकडे, भाजी शेवटी, म्हणजे पिशवीत दबत नाही. मालक त्या क्रमानं बाजार फिरत आणि एकदाही मागं वळावं लागत नसे. गावात याचं कौतुक होई, आणि मला ते गोड लागे.

त्या आठवड्यात धाकटी जाऊ तापातून नुकती उठत होती. एकवीस दिवस ताप होता. वैद्यानं बजावलं होतं, आतडं कच्चं आहे, जुन्या तांदळाची पातळ पेज सोडून पोटात काही जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडं रोजची ज्वारीच, तांदूळ सणासुदीचा. मडक्यात एक शेर होता, म्हणजे सोळा छटाक.

मी हिशोब मांडला. पेजेला रोज दोन छटाक, सात दिवसांचे चौदा. घरात आहेत, काट मारली. कुळाचाराच्या नैवेद्याला सहा. घरात आहेत, काट. पाव्हण्यांच्या खिरीला आठ. घरात आहेत, काट. तिन्ही वेळा मी तोच एक शेर मोजला. तिन्हींची बेरीज आधी करून मग घरातलं वजा केलं असतं तर यादीत बारा छटाक, तीन पाव तांदूळ लिहिले गेले असते. एवढं साधं. यादीत तांदूळ आलेच नाहीत.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. तिसऱ्या दिवशी पाव्हणे आले. सासूबाईंनी संध्याकाळच्या पेजेपुरते तेवढे ठेवले आणि मडक्यात उरलेले, आठ छटाकाला कमीच होते ते, सगळे खिरीला घेतले. बाजारातून आणखी आलेत असंच त्या धरून होत्या, कारण यादी माझी होती. गोणी मीच सोडली होती, आणि यादीतलं सगळं आलंय एवढंच मी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मडकं रिकामं. मी चार घरं फिरले तेव्हा मूठभर तांदूळ मिळाला, तो एका वेळेला पुरला. मालक कचेरीच्या कामाला गेवराईला गेले होते. दीर दुसऱ्या दिवशी पहाटे तांदूळ आणायला तेलगावला निघाले.

मधल्या वेळात जाऊ रडत होती. ताप उतरल्यावरची भूक फार वाईट असते. माझा पदर धरून म्हणाली, "आक्का, कायबी दे. लई भूक लागलीय."

सासूबाईंनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, शिजवून शिजवून मऊ केल्या. वाटीतून भरवल्या मात्र मी. संध्याकाळी आणि परत सकाळी. ती पोटभर जेवली आणि हसली, आणि मलाही बरं वाटलं, हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

दीर तांदूळ घेऊन आले तोवर तिचं पोट टम्म फुगलं होतं. हात लावू देत नव्हती. सहाव्या दिवशी ती गेली. वैद्य म्हणाले, असं पेज खाऊनही होतं. ते त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं.

मला कुणी बोललं नाही. मडक्याचा विषय सासूबाईंनी एकदाच काढला. म्हणाल्या, "मीच खीर केली, तू कावून रडतीस?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला दहाव्या-तेराव्याची यादी करायची होती. मीच केली. दहाव्याच्या पिंडाला तांदूळ, तेराव्याच्या भाताला तांदूळ, खिरीला तांदूळ. सगळ्यांची बेरीज आधी केली, मग मडक्यात हात घालून उरलेलं मोजलं, ते एकदाच वजा केलं आणि किराण्याच्या ओळीत सर्वांत वर लिहिलं.

तेराव्याला पंगती उठल्यावर मालक म्हणाले, "कशाचीच कमी पडली न्हाई. यादी नीट झाली." मी मडक्यावर झाकण ठेवलं. आत तांदूळ उरले होते.