माहेरची तुकडी

आमच्या शाळेत तिसरीच्या निकालाचे लाड जावयालाही हेवा वाटावा असे होतात. तो फळ्यावर लागतो, मुख्याध्यापक त्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतात. सहावीचा निकाल मात्र कपाटात जातो. गणित मी शिकवतो, म्हणून हे जरा जास्तच झोंबतं.

तुकड्या दोन. 'अ' मध्ये मुलं दुसरीपर्यंत घरच्या भाषेत शिकतात. तिसरीपासून सगळं सरकारी भाषेत. 'ब' मध्ये सहावीपर्यंत घरची भाषा राहते आणि सरकारी भाषेचे तास दरवर्षी वाढत जातात. 'ब' ला आम्ही माहेरची तुकडी म्हणायचो, कारण तिथली मुलं घरची भाषा सोडून सासरी जायचं नावच घेत नाहीत. ती चालवणाऱ्या त्या माहेरच्या बाई.

तिसरीची परीक्षा सरकारी भाषेत. 'अ' ची पोरं धडाधड वाचायची, 'ब' ची अडखळायची. "बाई, किती वर्षं लाडावून ठेवणार?" मुख्याध्यापक विचारायचे.

"सर, अर्ध्या विणलेल्या स्वेटरला बाह्या कुठे म्हणून काय विचारता? सहावीपर्यंत थांबा."

पहिला टोला बाईंना घरातूनच बसला. निकाल पाहून सुनेने बाईंची नात तिसरीनंतर 'ब' मधून काढून 'अ' मध्ये घातली. पाचवीत ती माझ्या वर्गात आली. उदाहरण मोठ्याने सुरेख वाचायची, आणि बेरीज करायची की भागाकार, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची. घरी आजीने समजावलं, तर अपूर्णांक, छेद हे शब्द तिला घरच्या भाषेतही ठाऊक नव्हते. तिथवर पोचण्याआधीच ती भाषा शाळेतून गेली होती. बाई मला म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो." मला फार वाईट वाटलं.

यंदा माहेरच्या तुकडीची पहिली मुलं सहावीला बसली. पेपर सरकारी भाषेत, शाब्दिक उदाहरणं हातभर लांब. 'ब' पुढे गेली. गणितात, विज्ञानात आणि खुद्द सरकारी भाषेतही! 'अ' तिसरीत होती तिथेच दम खात बसलेली.

निकालाच्या सभेत मुख्याध्यापकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "पाहिलंत? ही मुलं सरकारी भाषेत इतकी तरबेज आहेत, तर यांना घरच्या भाषेची गरजच काय? पुढल्या वर्षापासून दोन्ही तुकड्या 'अ' सारख्या." बाईंना त्यांनी अभिनंदनाचं फूलही दिलं. मी काहीतरी बोलायला उठलो, तर सगळे चहाला उठले होते.

बाहेर सून धाकट्याचं बोट धरून उभी होती. "आई, माझं चुकलंच. याला पहिल्यापासून तुमच्याच तुकडीत घालते. आणि मधेच काढणार नाही, शप्पथ."

बाईंनी नातवाच्या हातात ते फूल दिलं. "आधी घरी चला," त्या म्हणाल्या.